सात दिवसांचा तक्ता

माझ्या मावशीचे मंचरला ब्लाउज शिवण्याचे दुकान आहे. गिऱ्हाईक आंबेगावातले, काही जुन्नर-नारायणगावहून येणारे. गेल्या दिवाळीआधी तिने खणाच्या नव्या ब्लाउजांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर टाकले. ऑर्डरी आल्या, पण वसुबारसेच्या तोंडावर. अर्ध्या बायकांना परत पाठवावे लागले. यंदा तक्ता करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा कळले की, काय दाखवायचे हे ठरवण्याआधी किती शिवता येईल ते मोजावे लागते.

दोन मशिनी, प्रत्येकीवर दिवसाला अस्तराचे तीन ब्लाउज, म्हणजे सहा. दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत साधारण 17 दिवस. शेवटचे तीन दिवस फिटिंगसाठी सोडले, तर 14 दिवसांत 84 ब्लाउज होतात. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे 24 वजा केले. नव्या मालाला उरले 60. म्हणून आमचा आठवडा चौथ्या माळेला सुरू होऊन दसऱ्याला संपला.

पहिल्या दिवशी नुसता खण आणि त्याचे काठ. दुसऱ्या दिवशी शिवलेला ब्लाउज, पुढून व मागून. तिसऱ्या दिवशी मापाचा जुना ब्लाउज कसा निवडावा ते. चौथ्या दिवशी सुती अस्तर बेतण्याआधी भिजवून, वाळवून इस्त्री करतात ते; न भिजवलेले अस्तर पहिल्या धुण्यात आटते आणि ब्लाउजला चुण्या पडतात. पाचव्या दिवशी कापड, अस्तर व शिलाई यांचे दर वेगवेगळे. सहाव्या दिवशी साठांपैकी किती जागा उरल्या तो आकडा, आणि दसऱ्याला वही बंद.

सगळे फोटो एकाच सकाळी दुकानाच्या दारात, सावलीत काढले. पिवळ्या दिव्याखाली तांबडा खण नारिंगी दिसतो, आणि मग कापड हातात घेतल्यावर तक्रार होते.

तरी तक्ता दोनदा चुकला. पहिल्याच संध्याकाळी अकरा जणींनी एकच प्रश्न विचारला, "भाव काय?" तेव्हा पाचवा दिवस उचलून दुसऱ्यावर आणला आणि बाकीचे एकेक दिवस पुढे सरकवले. दुसरी चूक अशी की, पाहणाऱ्यांची संख्या फारच कमी दिसली. स्टेटस पाहायला एकमेकांचे नंबर दोघांच्याही फोनमध्ये असावे लागतात. मावशीकडे नंबर होते, पण वहीत! ते फोनमध्ये उतरवले आणि प्रत्येकीला दुकानाचा नंबर जपून ठेवायला सांगितले. स्टेटस चोवीस तासांत पुसले जाते, म्हणून भावाचा फोटो रोज रात्री जेवणानंतर पुन्हा टाकत गेलो.

दसऱ्याला 53 ब्लाउज नोंदले गेले होते. सात जागा रिकाम्या राहिल्या याची मला हळहळ वाटली. मावशी मात्र म्हणाली, "असू दे रे, एखादी मशीन बिघडली तर तेवढाच श्वास." वसुबारसेला शेवटचा ब्लाउज गेला, तेव्हा तिचे म्हणणे पटले.