हृदय थांबवणारं पोटॅशियम आणि सोडियम चॅनेलची तिसरी अवस्था

हृदयाची झडप बदलायची असेल तर आधी हृदय थांबवावं लागतं. रुग्णाचं रक्ताभिसरण हार्ट-लंग मशीनकडे सोपवलं जातं, महाधमनीला चिमटा लावला जातो आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांमध्ये एक थंडगार द्रावण सोडलं जातं. थोड्याच वेळात हृदय सैल पडतं आणि थांबतं. या द्रावणाला कार्डिओप्लेजिया म्हणतात. त्याचे प्रकार बरेच आहेत. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या नावाने ओळखलं जाणारं द्रावण घेतलं, तर त्यात पोटॅशियम लिटरला सुमारे १६ मिलिमोल असतं. निरोगी माणसाच्या रक्तात ते साडेतीन ते पाच असतं. म्हणजे तीन-चार पट पोटॅशियम, आणि हृदय बंद.

यात एक कोडं आहे. पेशीबाहेरचं पोटॅशियम वाढलं की पेशी उत्तेजित होण्याच्या दिशेने सरकते, हे शरीरशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. मग हृदय जोरात धडधडायला हवं. ते गप्प का होतं? या प्रश्नाचं उत्तर पेशीच्या पटलात बसलेल्या सोडियम चॅनेलच्या स्वभावात आहे. त्यासाठी आधी एका साध्या चेतापेशीत काय घडतं ते पाहू.

चेतापेशी शांत असते तेव्हा तिच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. आत पोटॅशियम भरपूर, बाहेर सोडियम भरपूर, आणि पटलातून थोडं पोटॅशियम सतत बाहेर झिरपत असतं. त्याच्यासोबत धन भार निघून जातो आणि आतली बाजू ऋण राहते. ७० मिलिव्होल्ट हा आकडा किरकोळ वाटतो. पण पटलाची जाडी जेमतेम चार-पाच नॅनोमीटर आहे. त्या जाडीच्या हिशेबाने विद्युतक्षेत्र मोजलं तर ते सेंटीमीटरला दीड लाख व्होल्टच्या आसपास जातं. इतक्या तीव्र क्षेत्रात प्रथिनाचा भारित तुकडा ओढला जाणारच, आणि व्होल्टेजवर चालणारी चॅनेल नेमकी यावरच चालतात.

सोडियम चॅनेल म्हणजे पटलात आरपार बसलेलं एक मोठं प्रथिन. त्याचे एकमेकांशी जोडलेले चार सारखे भाग असतात, आणि मधोमध सोडियम आत येण्याची वाट असते. प्रत्येक भागात धन भाराची अमिनो आम्लं ओळीने बसवलेली एक दांडी असते. पेशीची आतली बाजू ऋण असेपर्यंत या चारही दांड्या आतल्या अंगाला ओढलेल्या राहतात आणि वाट मिटलेली असते. आतली बाजू कमी ऋण झाली की ओढ सैल पडते, दांड्या बाहेरच्या अंगाला सरकतात आणि वाट उघडते. याला फार तर मिलिसेकंदाचा एखादा अंश लागतो.

आता बाहेरून थोडी चेतना मिळाली आणि व्होल्टेज उणे ७० वरून उणे ५५ च्या आसपास आलं असं समजा. काही सोडियम चॅनेल उघडली. सोडियम आत धावलं, त्याने धन भार आणला, आतली बाजू आणखी कमी ऋण झाली आणि आणखी चॅनेल उघडली. एका टप्प्यापर्यंत बाहेर जाणारं पोटॅशियम हा परिणाम भरून काढू शकतं. त्यानंतर सोडियमची सरशी होते आणि माघार घेता येत नाही. ज्याला उंबरठा म्हणतात तो हाच. उंबरठा हा चॅनेलवर कोरलेला एखादा आकडा नाही. आत येणारं सोडियम बाहेर जाणाऱ्या पोटॅशियमवर मात करू लागतं ती जागा म्हणजे उंबरठा. इथून व्होल्टेज सरळ वर चढतं आणि अधिक ३० ते ४० मिलिव्होल्टपर्यंत जातं. या सगळ्या आवेगाला ॲक्शन पोटेन्शियल म्हणतात.

चढ असाच चालू राहिला तर व्होल्टेज अधिक ५० च्याही वर, सोडियमच्या समतोलबिंदूपर्यंत पोचायला हवं. तसं होत नाही, कारण ज्या बदलाने चॅनेल उघडलं त्याच बदलाने आणखी दोन गोष्टी सुरू झालेल्या असतात. त्या फक्त सावकाश घडतात. पहिली म्हणजे खुद्द सोडियम चॅनेलची आतली बाजू. तिसऱ्या आणि चौथ्या भागाला जोडणारा प्रथिनाचा एक लोंबता तुकडा वळतो आणि चॅनेल ठप्प होतं. दुसरी गोष्ट पोटॅशियमच्या वेगळ्या चॅनेलची. तीही याच व्होल्टेजने उघडतात, पण रमतगमत. सोडियम यायचं थांबलं, पोटॅशियम जोरात बाहेर निघालं, आणि व्होल्टेज चढलं तितक्याच ठामपणे उतरलं. वेग वेगळे असलेल्या तीन प्रतिक्रिया एकाच वेळी सुरू होतात, आणि त्यातूनच आवेगाचा चढ आणि उतार घडतो. उताराची आज्ञा वेगळी कुणी देत नाही.

ठप्प झालेलं चॅनेल आणि मिटलेलं चॅनेल, दोन्हींतून सोडियम जात नाही. तरी ती एक नव्हेत. मिटलेलं चॅनेल सज्ज असतं; व्होल्टेज बदललं की लगेच उघडेल. ठप्प झालेलं चॅनेल कितीही चेतना दिली तरी उघडत नाही. फ्लशची टाकी एकदा रिकामी झाली की पुन्हा दांडी दाबून उपयोग नसतो, टाकी भरावी लागते. आणि दांडी दाबूनच धरली तर टाकी कधी भरतच नाही. सोडियम चॅनेलची टाकी भरते ती आतली बाजू पुन्हा पुरेशी ऋण झाल्यावरच.

आवेगाच्या शेवटी व्होल्टेज काही क्षण नेहमीपेक्षाही खाली जातं, कारण सावकाश उघडलेली पोटॅशियम चॅनेल मिटायलाही वेळ घेतात. त्या काळात सोडियम चॅनेल एकेक करून ठप्प अवस्थेतून मिटलेल्या, सज्ज अवस्थेत परततात. पुरेशी परतेपर्यंत चेतातंतूचा तो भाग दुसरा आवेग काढूच शकत नाही. नंतर थोडा वेळ काढू शकतो, पण जास्त जोराच्या चेतनेने. आवेग तंतूवरून एकाच दिशेने पुढे जातो तेही यामुळेच: मागच्या भागातली चॅनेल अजून ठप्प असतात, मागे फिरायला वाट नसते.

ही तिसरी अवस्था कुणी सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगितलेली नाही. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी इंग्लंडमध्ये प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूवर प्रयोग केले आणि १९५२ साली ते प्रसिद्ध केले. पटलाचं व्होल्टेज हवं तिथे धरून ठेवायची युक्ती त्यांच्या हाती होती. त्यांनी तंतूला आधी काही मिलिसेकंद एखाद्या व्होल्टेजवर धरलं आणि मग सगळ्यांना सारखाच मोठा झटका दिला. आधीचं व्होल्टेज जितकं कमी ऋण, तितका झटक्यानंतरचा सोडियमचा प्रवाह लहान. पुरेसं कमी ऋण ठेवलं तर प्रवाह जवळजवळ शून्य. विशेष म्हणजे स्क्विडच्या तंतूत विश्रांतीच्या वेळीसुद्धा सुमारे ४० टक्के सोडियम वाहकता अशी ठप्प असल्याचं त्यांना आढळलं. चॅनेल नावाची वस्तू तेव्हा कुणी सिद्ध केलेली नव्हती; हे सारं त्यांनी प्रवाहाच्या आलेखांवरून आणि हाताने फिरवायच्या गणकयंत्रावरच्या आकडेमोडीतून काढलं. मला या सगळ्या कथेत हेच सर्वांत थक्क करणारं वाटतं. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पुढे १९७३ मध्ये क्ले आर्मस्ट्राँग, फ्रान्सिस्को बेझानिया आणि एदुआर्दो रोहास यांनी स्क्विडच्या तंतूच्या आतून प्रथिन पचवणारं एक विकर फिरवलं. चॅनेल पूर्वीसारखी उघडू लागली, पण ठप्प होईनात. उघडीच राहू लागली. म्हणजे उघडण्याची यंत्रणा वेगळी आणि ठप्प करणारी वेगळी, शिवाय ती पेशीच्या आतल्या बाजूला असते, हे त्यातून कळलं.

आता शस्त्रक्रियेतल्या हृदयाकडे येऊ. हृदयाच्या स्नायूपेशीचा आवेग चेतापेशीपेक्षा बराच लांबट असतो, पण त्याचा चढ सोडियम चॅनेलच घडवतात. त्या पेशीचं विश्रांतीचं व्होल्टेज बहुतांशी आतल्या-बाहेरच्या पोटॅशियमच्या प्रमाणावर ठरतं. पेशीच्या आत पोटॅशियम १४० धरा. बाहेर ४ असेल तर शरीराच्या तापमानाला समतोल उणे ९४ च्या आसपास येतो. बाहेर १६ केलं की तो उणे ५७ वर येतो. प्रत्यक्ष आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण दिशा हीच. हा बदल एका क्षणाच्या झटक्यासारखा नाही, तो तसाच टिकून राहतो. दांडी दाबूनच धरलेली असते. सोडियम चॅनेल ठप्प होतात, त्यांना परतण्याइतकं ऋण व्होल्टेज मिळतच नाही, आणि नवा आवेग निघत नाही. पेशी उत्तेजनाच्या बाजूला सरकली, आणि त्याच कारणाने मुकी झाली.

मग पोटॅशियम आणखी वाढवलं तर? बाहेर ४० केलं तर तेच गणित उणे ३३ देतं. त्या व्होल्टेजला स्नायूंमधली कॅल्शियम चॅनेल उघडू लागतात, कॅल्शियम आत येतं आणि स्नायू आखडतो. सैल हृदयाऐवजी आवळलेलं हृदय हाती येतं, आणि ते आपली ऊर्जा जाळत राहतं. डेनिस मेलरोझ यांनी १९५५ मध्ये पोटॅशियमने हृदय थांबवायची पद्धत मांडली तेव्हा द्रावण फारच तीव्र होतं. हृदयाच्या स्नायूला इजा होते असं दिसल्यावर ती मागे पडली आणि १९७० च्या दशकात सौम्य प्रमाणात परतली. सोडियम चॅनेल ठप्प होतील पण कॅल्शियम चॅनेल जागी होणार नाहीत, अशी ही अरुंद पट्टी आहे.

शस्त्रक्रियागृहात मुद्दाम केलं जातं तेच मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसात नकळत होऊ शकतं. पोटॅशियम बाहेर टाकलं जात नाही, रक्तात साठतं आणि सोडियम चॅनेल टप्प्याटप्प्याने कमी उपलब्ध होत जातात. ईसीजीत आधी टोकदार, उंच टी लाट दिसते. पुढे पी लाट बसते आणि मधला क्यूआरएस रुंदावतो, कारण उरलेल्या थोड्या चॅनेलवर आवेग हृदयभर सावकाश पसरतो. हातापायांतली ताकद जाऊ शकते. काही वेळा मात्र रुग्णाला काहीच जाणवत नाही आणि पहिलं लक्षण म्हणजे हृदयाची अनियमित लय. साडेसहाच्या वरचा आकडा डॉक्टर तातडीचा मानतात.

म्हणून एक सांगणं. दुकानात रक्तदाबासाठी चांगलं म्हणून मिळणाऱ्या लो-सोडियम मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी मूत्रपिंडाला ते चालतं. पण घरात कुणाचं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या पोटॅशियम वाढवणाऱ्या असतील, तर असं मीठ आणि रोजचं शहाळं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या.