डालडा घट्ट होतो तेव्हा

वनस्पती तूप बनवताना तेल दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवून, निकेलच्या भुकटीच्या सान्निध्यात त्यात हायड्रोजन सोडतात. तेलाच्या रेणूंतले दुहेरी बंध त्यांना बाक देतात, म्हणून तेल पातळ राहतं. निकेलवर हायड्रोजन अशा बंधाला चिकटतो, पण कधी अर्ध्यावरच सुटून जातो. बंध पुन्हा जुळतो तो उलट्या बाजूने, आणि रेणू जवळजवळ सरळ होतो. हाच ट्रान्स फॅट. गंमत म्हणजे तेल पूर्ण हायड्रोजनयुक्त केलं, तर दुहेरी बंधच उरत नाहीत आणि ट्रान्सही जवळपास नाहीसा होतो. गोची अर्धवट प्रक्रियेत आहे.

ट्रान्स फॅटमुळे रक्तातलं एलडीएल वाढतं आणि जादा कोलेस्टेरॉल वाहून नेणारं एचडीएल घटतं. साध्या संपृक्त चरबीने एचडीएल असं घटत नाही. जादा एलडीएल धमनीच्या अस्तरात शिरून साचतं, तिथे सूज येते, थर चढतो. भारतात 2022 पासून तेला-तुपात ट्रान्स फॅटला 2 टक्क्यांचीच मुभा आहे.