औषध धोक्याचे, की ज्याला दिले तो रुग्णच धोक्यात?

सेबास्टियन श्नीवाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील ३७,२४१ वृद्धांच्या नोंदी तपासल्या. हे सगळे ६५ किंवा त्याहून अधिक वयाचे होते आणि त्यांना अँटिसायकोटिक औषध नव्यानेच सुरू झाले होते. हॅलोपेरिडॉलसारखी जुनी औषधे घेणाऱ्यांपैकी १४.१ टक्के रुग्ण पहिल्या १८० दिवसांत दगावले. रिस्पेरिडोनसारखी नवी औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण ९.६ टक्के होते. म्हणजे जुन्या औषधांच्या गटात मृत्यू जवळपास दीडपट.

पण यावरून जुनी औषधे जास्त घातक ठरतात का? हॅलोपेरिडॉल कोणाला दिले जाते ते पाहा. गंभीर आजारात अचानक भान हरपून बरळू लागलेल्या वृद्धाला ते देतात, आणि कॅन्सरच्या अखेरच्या दिवसांत मळमळ थांबवण्यासाठीही देतात. अशा रुग्णाचा मृत्यू आधीच जवळ आलेला असतो. ज्या कारणासाठी औषध दिले, तेच कारण मृत्यूलाही कारणीभूत ठरते आणि दोष मात्र औषधाच्या माथी बसतो. संशोधक याला ‘कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन’ म्हणतात.

हा गुंता सोडवण्याचा एक मार्ग पॉल रोझेनबाउम आणि डोनाल्ड रुबिन यांनी १९८३ मध्ये मांडला, तो म्हणजे प्रोपेन्सिटी स्कोअर. वय, हृदयविकार, स्मृतिभ्रंश, आधीची औषधे, रुग्णालयातले दाखले अशा माहितीवरून, या रुग्णाला जुने औषध मिळण्याची शक्यता किती होती, हे गणिताने काढायचे. ही माहिती औषध सुरू होण्याआधीची हवी. औषधानंतर झालेला न्यूमोनिया त्यात धरला, तर औषधाचा परिणामच पुसला जाईल.

समजा, ८२ वर्षांच्या, हृदयविकार आणि स्मृतिभ्रंश असलेल्या एका बाईंचा स्कोअर ०.४० आला. याचा अर्थ, अशा शंभर रुग्णांपैकी सुमारे चाळीस जणांना डॉक्टर जुने औषध देतात आणि साठ जणांना नवे. बाईंना जुने मिळाले असेल, तर नवे मिळालेला पण ०.४०च्या आसपास स्कोअर असलेला रुग्ण शोधून जोडी लावायची. ज्याला जोडीदारच मिळत नाही, त्याच्याबद्दल या पद्धतीने काही सांगता येत नाही.

जोड्या लावल्यावर दोन्ही गटांत वय आणि आजार सारखे झाले का, हे प्रत्येक घटकासाठी तपासावे लागते. प्रमाणित फरक ०.१ पेक्षा कमी असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. कोणाला कोणते औषध मिळेल याचे भाकीत गणिताने किती अचूक केले, हा निकष इथे गैरलागू आहे. गट सारखे झाले की नाही, एवढेच पाहायचे.

ब्रिटिश कोलंबियाच्या अभ्यासात नोंदलेल्या फरकांचा हिशेब केल्यावर जुन्या औषधांच्या गटातला मृत्यूचा धोका दीडपटीऐवजी १.३२ पट उरला. प्रोपेन्सिटी स्कोअर वापरूनही निष्कर्ष टिकला. धोका सर्वाधिक दिसला तो पहिल्या ४० दिवसांत, जास्त डोस घेणाऱ्यांत, आणि औषधांमध्ये हॅलोपेरिडॉलच्या बाबतीत.

खरी अडचण इथेच आहे. औषध विषारी असेल, तर धोका सुरुवातीलाच दिसेल. पण मृत्यूच्या दारातल्या रुग्णांना ते दिले जात असेल, तरीही नेमके असेच दिसेल. ‘हा रुग्ण आता थोड्या दिवसांचा सोबती आहे’ हा डॉक्टरांचा अंदाज विम्याच्या नोंदीत कुठेच उतरत नाही. स्कोअर नोंदलेल्या गोष्टींचाच समतोल साधतो. न नोंदलेल्या गोष्टी तशाच राहतात.

अशी निसटलेली गोष्ट किती प्रबळ असावी लागेल, हे ‘ई-व्हॅल्यू’ने मोजता येते. १.३२ ला ०.३२ ने गुणायचे, गुणाकाराचे वर्गमूळ काढायचे आणि त्यात १.३२ मिळवायचे. उत्तर येते सुमारे १.९७. म्हणजे जुन्या औषधांच्या रुग्णांत मरणासन्न अवस्था नव्या औषधांच्या रुग्णांपेक्षा सुमारे दुप्पट आढळत असेल, आणि तिच्यामुळे मृत्यूची शक्यताही निदान दुप्पट होत असेल, तर सगळा फरक तेवढ्यानेच निघून जाऊ शकतो. मरणासन्न अवस्थेत मृत्यूची शक्यता दुपटीहून कितीतरी अधिक वाढते, त्यामुळे ही शंका सहज बाजूला सारता येत नाही.

अमेरिकेच्या एफडीएने हाच विवेक दाखवला. नव्या औषधांबद्दलचा इशारा २००५ मध्ये आला, तो १७ प्लासिबो चाचण्यांच्या आधारे. जून २००८ मध्ये, हा अभ्यास आणि आणखी एक निरीक्षणात्मक अभ्यास पाहून, स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांसाठीचा तोच इशारा जुन्या औषधांनाही लावला गेला. पण जुनी औषधे नव्यांपेक्षा अधिक घातक आहेत, असे या अभ्यासांवरून म्हणता येत नाही, हेही एफडीएने स्पष्ट केले.