घर्षणाचा बाण कुणीकडे?

पुतणी अकरावी सायन्सला आहे. परवा रात्री फिजिक्सची असाइनमेंट घेऊन आली आणि वही माझ्यासमोर आपटून म्हणाली, "काका, पुस्तकात उत्तर चुकलंय."

गणित असं होतं. टेम्पोचा हौदा जमिनीपासून ०.९ मीटर उंच. त्याला १.५ मीटर लांबीची फळी टेकवली आहे. फळीवर ४० किलोची लाकडी पेटी. पेटी आणि फळी यांच्यातला स्थितिक घर्षणगुणांक ०.५, गतिज ०.४. एक माणूस फळीला समांतर, वरच्या दिशेने १५० न्यूटन बल लावतो. पेटीवरचं घर्षणबल किती आणि कोणत्या दिशेने? गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरायचं. फ्री बॉडी डायग्राम काढणं सक्तीचं.

तिचं उत्तर १६० न्यूटन. पुस्तकाचं ९०. "म्यू गुणिले एन केलं की मी, आणखी काय करायचं?" असा तिचा सवाल. कलत्या फळीवरच्या गणितांत मुलं सगळ्यात जास्त मार खातात ते याच जागी, म्हणून मी तिची आकृती मागितली. आकृतीत फळी होती, टेम्पो होता, टेम्पोची चाकं होती, ढकलणारा माणूसही होता. चित्र छान होतं, पण ती फ्री बॉडी डायग्राम नव्हती.

या आकृतीत फक्त एकच वस्तू असते. फळी नाही, टेम्पो नाही, माणूस तर नाहीच. कागदावर एक छोटा चौकोन किंवा नुसता ठिपका काढायचा, ती आपली पेटी. मग विचारायचं, पेटीला कोण कोण ओढतं किंवा ढकलतं? पृथ्वी ओढते, म्हणून एक बाण सरळ खाली. हा बाण फळीकडे बघून तिरका करायचा नाही. फळी कितीही कलली तरी पृथ्वी खालीच ओढते. त्याची किंमत ४० गुणिले १०, म्हणजे ४०० न्यूटन. दुसरं, फळी पेटीला स्वतःपासून दूर ढकलते, तो बाण फळीला काटकोनात. हे अभिलंब बल, N. तिसरा बाण माणसाचा, फळीला समांतर, वर, १५० न्यूटन. आणि चौथा घर्षणाचा, फळीला समांतर. वर की खाली, ते अजून ठरलेलं नाही. म्हणून तिथे आधी नुसती रेघ काढायची, टोक नंतर.

बाण चारच. पुतणीच्या वहीत वजनाचे दोन घटक वजनाच्या बाणाशेजारी तितक्याच ठळक काढलेले होते. तसं केलं की तेच वजन दोनदा मोजलं जातं. घटक काढायचे तर तुटक रेघांनी काढावेत, म्हणजे ते पेटीवरची नवी बलं नाहीत, जुन्याच बाणाचे तुकडे आहेत, हे डोळ्यांना कळतं.

आता तुकडे करू. फळी १.५, उंची ०.९. म्हणून sinθ = ०.६ आणि cosθ = ०.८. फळीवरून खाली ओढणारा तुकडा mg sinθ, म्हणजे २४० न्यूटन. फळीवर दाबणारा तुकडा mg cosθ, म्हणजे ३२० न्यूटन. साइन कुठे आणि कोसाइन कुठे, हा गोंधळ नेहमीचा. तो पाठांतराने मिटत नाही. मनातल्या मनात फळी आडवी करून बघावी. कोन शून्य झाला की पेटी घसरायचं कारणच उरत नाही, म्हणून घसरवणाऱ्या तुकड्यात साइन हवा, कारण शून्याचा साइन शून्य. दाबणारा तुकडा मात्र आडव्या फळीवर पूर्ण ४०० व्हायला हवा, म्हणून तिथे कोसाइन.

फळीच्या काटकोनात पेटी हलत नाही, ती फळीत रुतत नाही आणि उडतही नाही. त्या दिशेने माणसाचं बलही नाही. म्हणून N = ३२० न्यूटन. इथपर्यंत पुतणीचं सगळं बरोबर होतं. मग तिने ०.५ गुणिले ३२० केलं आणि १६० लिहून मोकळी झाली.

मी म्हटलं, "ठीक आहे, १६० वर धर. आता बेरीज कर." वर १५० अधिक १६०, म्हणजे ३१०. खाली २४०. शिल्लक ७० न्यूटन, वरच्या दिशेला. म्हणजे पेटी आपोआप फळी चढू लागली आणि तिला चढवतंय कोण, तर घर्षण! ती हसली. आपलं उत्तर चुकलं हे ओळखायची याहून सोपी खूण मला माहीत नाही: स्थिर वस्तूला घर्षण स्वतःहून पळवायला लागलं, की म्यू गुणिले एन नको तिथे घुसलं आहे.

म्यू गुणिले एन ही स्थितिक घर्षणाची किंमत नाही. ती त्याची कमाल मर्यादा आहे. वस्तू हलत नाही तोवर घर्षण गरजेपुरतंच असतं. ही गरज काढायची तर आधी घर्षण नाहीच असं समजायचं आणि बघायचं, पेटी कुणीकडे जाईल? २४० खाली, १५० वर. पेटी खाली जाईल. म्हणून घर्षण वर, आणि अडवायला लागतात फक्त ९०. नव्वद हे १६०पेक्षा कमी आहे, म्हणजे ते झेपेल; पेटी जागेवरच राहील. आता चौथ्या बाणाला टोक काढायचं, वरच्या बाजूला, आणि शेजारी ९० लिहायचं. पुस्तक बरोबर होतं.

याच पेटीवर हळूहळू जोर वाढवत गेलो तर गंमत दिसते. हात काढून घेतला तर अडवायला २४० लागतात, घर्षणाकडे आहेत १६०च, पेटी सुटते. सुटल्यावर मात्र गतिज घर्षण लागू होतं, ०.४ गुणिले ३२०, म्हणजे १२८. शिल्लक ११२ न्यूटन, भागिले ४० किलो, त्वरण २.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. इथे १६० वजा करून २ उत्तर काढणारेही बरेच असतात; वस्तू हलायला लागली की स्थितिक गुणांकाचं काम संपतं. ८० न्यूटन लावले की पेटी कशीबशी थांबते, घर्षण पूर्ण १६०, वर. दीडशेला ९०. बरोबर २४० लावले तर घर्षण शून्य! खडबडीत फळी, ४० किलोची पेटी, आणि घर्षणाचा बाणच काढायचा नाही. तीनशे लावले की पेटीचा कल वर जायचा होतो, म्हणून घर्षण उलटतं: ६० न्यूटन, खाली. आणि ४०० ओलांडले की पेटी वर सरकते.

म्हणजे ८० ते ४०० च्या दरम्यान काहीही लावा, पेटी हलत नाही. "घर्षण किती" या प्रश्नाला या पट्ट्यात एकच उत्तर नाही. माणसाचा हात बघून ते बदलतं.

त्यातला ४०० हा आकडा मला जरा खटकतो. पेटी सरळ उचलायलाही ४०० न्यूटनच लागतात. मग फळीचा उपयोग काय झाला? इतक्या उभ्या आणि इतक्या खरखरीत फळीचा, जोराच्या हिशोबात, काहीच नाही. सरकू लागल्यावर ३६८ वर येतं तेवढंच. फळी दुप्पट, ३ मीटरची घेतली, तर sinθ ०.३ होतो, cosθ सुमारे ०.९५, आणि सरकवायला साधारण ३११ न्यूटन पुरतात. शिवाय मध्येच दम लागून हात सोडला तरी पेटी घसरत नाही, कारण खाली ओढणारे १२० आणि अडवू शकणारे १९०. टेम्पोवाले लांब फळी का शोधतात, ते या दोन आकड्यांत आहे.

हात सोडल्यावर वस्तू टिकेल की घसरेल, याची सीमा tanθ = μ इथे येते. या कोनाला विश्राम कोन म्हणतात. त्यात वस्तुमान येतच नाही, त्यामुळे घरीही मोजता येतो. पाटावर पुस्तक ठेवा, एक बाजू सावकाश उचला, पुस्तक सुटेल तिथे थांबा. पाटाच्या उचललेल्या टोकाची उंची भागिले पायाची आडवी लांबी, हाच स्थितिक गुणांक. आणखी एक बघा: सुटलेलं पुस्तक रांगत नाही, वेग घेत खाली येतं. कोन तर तोच आहे, मग वेग का? कारण हलताना घर्षण कमी होतं. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने कलत्या पृष्ठभागाच्या हिशोबातूनच स्थितिक आणि गतिज घर्षण वेगळं असल्याचं दाखवलं होतं.

दहावं गणित तिने स्वतः सोडवायला घेतलं. पेटी तीच, फळी तीच १.५ मीटरची, पण माणूस आता फळीला समांतर नव्हे, आडवा ढकलतोय. वर सरकवायला किमान किती बल? तिने ३२० चा N तसाच उतरवला. मी बोट ठेवलं. आडव्या बाणाचेही दोन तुकडे होतात: ०.८F फळीवरून वर, आणि ०.६F फळीत दाबणारा. म्हणून N = ३२० + ०.६F. N = mg cosθ हे सूत्र नाहीच; काटकोनाच्या दिशेची बेरीज शून्य करताना दर वेळी ते नव्याने काढायचं असतं.

पेटी वर निघायच्या बेतात, म्हणून घर्षण खाली आणि पूर्ण मर्यादेवर: १६० + ०.३F. इथे म्यू गुणिले एन वापरायची परवानगी आहे, कारण "किमान", "नुकतीच", "बेतात" अशा शब्दांनी गणित आपल्याला मर्यादेवरच उभं करतं. मग ०.८F = २४० + १६० + ०.३F. तिने दोनदा तपासलं. F = ८०० न्यूटन. उचलायच्या दुप्पट!

"असं कसं?" तिने विचारलं. जोर वाढवावा तसा दाबही वाढतो आणि दाबाबरोबर घर्षण. गुणांक ०.५ ऐवजी १.३३च्या पुढे असता, तर ०.८F पेक्षा घर्षणात वाढणारा भागच मोठा झाला असता, आणि मग आडवं कितीही ढकललं तरी पेटी वर गेली नसती. तिने खोडरबर घेतलं, N चा जुना बाण पुसला आणि ३२० च्या अडीचपट लांब, ८०० चा काढला.