शेअरकडून किती परताव्याची अपेक्षा धरावी?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी 1964 साली मांडलेल्या सिद्धांतानुसार, सरकारी रोख्यावर निर्धोकपणे मिळणाऱ्या व्याजात, बाजाराची जोखीम पत्करल्याबद्दलचा अधिक मोबदला त्या शेअरच्या बीटाने गुणून मिळवला, की गुंतवणूकदाराने त्या शेअरकडून किमान किती परताव्याची अपेक्षा धरावी हे कळते. बीटा म्हणजे एकंदर बाजार हलला असता तो शेअर सरासरीने किती हलतो याचे प्रमाण. समजा, रोख्यावर 7 टक्के मिळतात, बाजाराकडून 13 टक्क्यांची अपेक्षा आहे आणि बीटा 1.2 आहे, तर मोबदला 13 वजा 7, म्हणजे 6 टक्के, त्याचे 1.2 पट 7.2, आणि एकूण अपेक्षा 14.2 टक्के. येथे नवशिके हमखास चुकतात: ते 6 ऐवजी 13 लाच 1.2 ने गुणतात आणि 22.6 टक्क्यांची अवास्तव मागणी करून बसतात.

कारखान्यातील संप किंवा आग यांसारख्या एकाच कंपनीपुरत्या संकटांचा मोबदला या हिशेबात नाही, कारण पुष्कळ कंपन्यांत भांडवल विभागणाऱ्यास ती जोखीम जवळजवळ टाळता येते. बीटा मात्र गतकालीन भावांवरून काढलेला असल्याने, मुदत किंवा निर्देशांक बदलताच तोही बदलतो, म्हणून 14.2 मधील दशांशावर फार विसंबू नये.