१४०० चा ओढा, १७५० चा भार

मोटर जमिनीवर, तिच्या बरोबर वर दोन बेअरिंगवर आडवा शाफ्ट, आणि शाफ्टच्या बाहेर आलेल्या टोकावरून शेजारच्या जात्याकडे गेलेला पट्टा, अशी पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. मोटरचा पट्टा शाफ्टला खाली ओढतो, जात्याचा आडवा ओढतो. दोन्ही ओढ एकाच कागदावर सपाट काढता येत नाहीत, म्हणून हिशेब तिन्ही दिशांचा करावा लागतो.

डाव्या बेअरिंगला अ म्हणू. तिथून १ मीटरवर ब. मोटरची पुली अ पासून ०.४ मीटरवर, त्रिज्या ०.२ मीटर, तिच्या पट्ट्याच्या घट्ट बाजूला ९०० न्यूटन ताण, सैल बाजूला ३००. जात्याची पुली ब च्याही पलीकडे, १.२५ मीटरवर, त्रिज्या ०.१५, ताण ११०० आणि ३००.

विद्यार्थी हमखास चुकतात ते इथे. पीळ ठरतो तो ताणांच्या फरकावर: ६०० गुणिले ०.२ म्हणजे १२०, आणि ८०० गुणिले ०.१५ म्हणजेही १२० न्यूटन-मीटर. दोन्ही पीळ उलट दिशांचे, त्यामुळे शाफ्ट एकसमान वेगाने फिरतो. बेअरिंगला मात्र ताणांची बेरीज सोसावी लागते. पट्ट्याच्या दोन्ही बाजू पुलीला एकाच दिशेने ओढतात ना! म्हणजे खाली १२००, आडवे १४००.

आता अ भोवती परिबल, म्हणजे मोमेंट, काढायचं. x शाफ्टच्या लांबीत, y जात्याच्या दिशेने, z वर. अ पासूनचं अंतर हा एक सदिश, बल हा दुसरा; त्यांचा सदिश गुणाकार असा:

(०.४, ०, ०) × (०, ०, −१२००) = (०, ४८०, ०)

(१.२५, ०, ०) × (०, १४००, ०) = (०, ०, १७५०)

ब ची प्रतिक्रिया (०, By, Bz) मानली, तर तिचं परिबल (०, −Bz, By). सगळ्यांची बेरीज शून्य, म्हणून Bz ४८० आणि By उणे १७५०. अ चा सांभाळ मग बलांच्या बेरजेतून निघतो: वर ७२०, आडवे ३५०.

त्या ३५० चं चिन्ह मात्र पाहण्यासारखं आहे. ते अधिक आहे, म्हणजे अ बेअरिंग शाफ्टला जात्याच्याच बाजूला ढकलतं! बाहेर लटकलेली पुली ब ला टेकू करून शाफ्टचं दुसरं टोक उलटीकडे फेकू पाहते, पहारीसारखं. म्हणूनच ओढ १४०० ची असूनही ब वर १७५० येतात.

ब वरचा एकूण भार ४८० अधिक १७५० असा साध्या बेरजेने नव्हे, तर दोघांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने निघतो: सुमारे १८१५ न्यूटन. अ वर जेमतेम ८००. गिरणीत दोन्हीकडे एकाच मापाचं बेअरिंग बसवलं, तर आधी कोणतं आवाज करू लागेल हे उघड आहे.

जात्याची पुली १५ सेंटीमीटर आत सरकवली, तर ब वरचा भार १६१३ वर उतरतो. बॉल बेअरिंगचं अपेक्षित आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं, त्यामुळे तेवढ्यावर ते सुमारे १.४ पट होतं. फक्त पुली उतरवताना पुलर बसेल एवढी जागा ब च्या आणि पुलीच्या मध्ये उरायला हवी.