बाण नसलेली ओळ

दोन तरुणांचे रक्ताचे रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवले आहेत असं समजा. दोघंही तिशीतले. लग्नाला तीन-चार वर्षं झालेली, मूल नाही, सतत थकवा, शरीरसंबंधांची इच्छा मंदावलेली. पहिल्याचं टेस्टोस्टेरॉन १७० आणि दुसऱ्याचं १६५. प्रौढ पुरुषात ते साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, म्हणून दोन्ही रिपोर्टांत त्या आकड्यापुढे खाली वळलेला बाण. इथपर्यंत दोघं सारखेच.

फरक आहे तो खालच्या ओळीत. एलएच नावाच्या संप्रेरकाचा आकडा पहिल्याचा २२ आणि दुसऱ्याचा २.४. प्रयोगशाळेच्या लेखी साधारण १.५ ते ९ हे नॉर्मल. त्यामुळे पहिल्याच्या रिपोर्टात इथेही बाण आहे, वर वळलेला. दुसऱ्याच्या ओळीत बाण नाही, काहीच नाही. घरी रिपोर्ट चाळणारा माणूस ती ओळ सोडून पुढे जाणार. पण या दोन रिपोर्टांत मला जास्त घाई दुसऱ्याची वाटते, आणि ती त्या बाण नसलेल्या ओळीमुळेच.

असं का, हे समजायला मेंदूच्या तळापासून सुरुवात करावी लागते. तिथे हायपोथॅलॅमस नावाच्या भागात एक-दोन हजार चेतापेशी विखुरलेल्या असतात. अब्जावधी पेशींच्या मेंदूत ही संख्या नगण्य, पण पौरुषाची सगळी साखळी तिथून सुरू होते. या पेशी जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतात. अवघ्या दहा अमिनो आम्लांचा हा तुकडा रक्तात काही मिनिटांतच मोडतो, त्यामुळे दंडातून काढलेल्या रक्तात तो मोजण्यात अर्थ नसतो. त्याला लांब जायचंही नसतं. बारीक रक्तवाहिन्यांचं एक खास जाळं त्याला थेट खाली लोंबणाऱ्या, वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीपर्यंत नेतं. अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमन या दोन प्रतिस्पर्ध्यांनी त्याची रचना उलगडली, त्यासाठी एकाने डुकरांचे आणि दुसऱ्याने मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस ढिगांनी गोळा केले. १९७७ चं नोबेल दोघांना एकत्र मिळालं, आणि त्यांच्यातली चुरस पाहता ते शेजारी कसे बसले असतील याचं कुतूहल वाटतं.

रचना कळली तरी खरी गंमत पुढेच होती. अमेरिकेत अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायपोथॅलॅमसचा हा भाग निकामी केलेल्या माकडांना बाहेरून जीएनआरएच देऊन पाहिलं. सलाइनसारखं संथ, अखंड दिलं, तर पिट्युटरी गप्पच राहिली. तेच तासातून एकदा, काही मिनिटांच्या झटक्याने दिलं, तेव्हा ती कामाला लागली. १९७८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे मेंदूचा आदेश मात्रेइतकाच ठेक्यात असतो. पुरुषात हा ठोका साधारण दीड-दोन तासांनी एकदा पडतो. ठोका थांबून नुसता अखंड सूर राहिला, तर पिट्युटरीच्या पेशी त्याला दाद देणं बंद करतात. प्रोस्टेटच्या कर्करोगात दिली जाणारी ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं नेमकी याच गोष्टीवर चालतात. जीएनआरएचसारखंच औषध, पण सतत अंगात राहणारं. सुरुवातीला काही दिवस टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि तीन-चार आठवड्यांत जवळजवळ शून्यावर येतं.

ठोका नीट पोहोचला, की पिट्युटरी दोन संप्रेरकं रक्तात सोडते: एलएच आणि एफएसएच. एलएच वृषणांतल्या लायडिग पेशींपाशी जाऊन टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. एफएसएच शुक्राणूंचं संगोपन करणाऱ्या सर्टोली पेशींना जागं ठेवतं. शुक्राणू बनायला मात्र एफएसएचइतकंच जागच्या जागी भरपूर टेस्टोस्टेरॉनही लागतं. वृषणाच्या आत त्याचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागेल.

तयार झालेलं टेस्टोस्टेरॉन मेंदूपर्यंत परत पोहोचतं आणि तिथे ‘पुरे’ असं कळवतं. त्यातला काही भाग आधी इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि पुरुषाच्या मेंदूला हा निरोप बराचसा त्या रूपातच मिळतो. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आणि खालचा वॉचमन यांचं नातं असंच असतं: टाकी भरली की तो पंप बंद करतो, रिकामी झाली की चालू. टाकी रिकामी असेल, तर आधी वॉचमनकडे पाहायचं. तो बटण दाबून दाबून दमला असेल, तर पंप बिघडलाय. तो खुर्चीत झोपला असेल, तर पंपाची दुरुस्ती काढण्यात अर्थ नाही.

पहिल्या तरुणाचा वॉचमन दमलेला आहे. टेस्टोस्टेरॉन कमी म्हणून पिट्युटरी एलएच वाढवत वाढवत २२ पर्यंत गेली, तरी वृषणांकडून प्रतिसाद नाही. त्याचं एफएसएचही ३४, म्हणजे खूपच वाढलेलं. बिघाड वृषणांतच असला, की त्याला प्राथमिक कमतरता म्हणतात. मोठेपणी झालेला गालगुंड वृषणांत उतरणं, केमोथेरपी, लहानपणी वृषण खाली न उतरणं किंवा पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा तुटणं, अशी बरीच कारणं असू शकतात. या तरुणात यातलं काहीच नाही. मग डॉक्टर खणातून एक माळ काढतात. वाढत्या आकाराचे बारा मणी, सर्वांत लहान १ मिलिलिटरचा, सर्वांत मोठा २५ चा. एका हाताने वृषण चाचपायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच्या मापाचा मणी शोधायचा. निरोगी पुरुषात हात सहसा १५ च्या पुढच्या मण्यांवर थांबतो. इथे तो ४ वर थांबला, आणि वृषण घट्टही लागले. गुणसूत्रांच्या तपासणीत उत्तर मिळालं: ४६ ऐवजी ४७, एक एक्स जास्तीचा. हा क्लाइनफेल्टर सिंड्रोम. साधारण ५०० ते ६०० मुलग्यांत एकाला असतो, पण बहुतेकांना तो आयुष्यभर कळत नाही. कळला तर असाच, मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावर. त्यात कुणाचाच दोष नसतो. आपल्याकडे वर्ष-दोन वर्षं तपासण्यांच्या रांगेत बायकोच उभी असते, हे मात्र खटकतं.

आता दुसरा. त्याचं एलएच २.४, बाण नाही. पण हे ‘नॉर्मल’ ज्या पुरुषांवरून ठरवलं, त्यांचं टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं. टाकी भरलेली असताना वॉचमन शांत बसला, तर ते ठीकच. टेस्टोस्टेरॉन १६५ वर आलेलं असताना एलएच २.४ वर निवांत बसणं हे मुळीच ठीक नाही. ते वीसच्या घरात उडी मारायला हवं होतं. मारलेली नाही, याचा अर्थ वरून आदेशच सुटत नाहीये. ही दुय्यम कमतरता. वृषण धडधाकट आहेत, त्यांना कुणी हाक मारत नाही.

हाक का मारली जात नाही, याचा शोध दोन दिशांनी होतो. आधी साध्या गोष्टी: बराच काळ घेतलेली अफूजन्य वेदनाशामकं, स्टिरॉइडच्या गोळ्या, जिममध्ये कुणीतरी दिलेली इंजेक्शनं, खूप वाढलेलं वजन. स्थूल माणसात आणखी एक फसवा प्रकार होतो. टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिनच कमी झाल्यामुळे एकूण आकडा पडलेला दिसतो, पण मोकळं, कामाचं टेस्टोस्टेरॉन पुरेसं असतं. या तरुणाच्या बाबतीत असं काही निघालं नाही. म्हणून प्रोलॅक्टिन तपासलं, तर ते ४८०. पुरुषात ते साधारण १५-२० च्या आत असतं. ॲसिडिटीच्या गोळ्यांसोबत येणाऱ्या डोम्पेरिडोनने आणि काही मानसोपचाराच्या औषधांनीही प्रोलॅक्टिन चढतं, पण तेव्हा ते सहसा शे-दोनशेच्या आत राहतं. ४८० म्हटल्यावर एमआरआय हवाच. त्यात पिट्युटरीवर १४ मिलिमीटरची गाठ दिसली. कर्करोगाची नव्हे, प्रोलॅक्टिन बनवणारी. हे जास्तीचं प्रोलॅक्टिन हायपोथॅलॅमसचा ठोका दाबून टाकतं, आणि तिथून खाली सगळंच थंड पडतं.

घाई दुसऱ्याची का, ते आता दिसेल. अशी गाठ वर वाढली, तर दृष्टीच्या चेतातंतूंवर दाब येतो आणि दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कडांचं दिसणं कमी होतं. गाडी चालवणाऱ्याला बाजूने आलेली मोटरसायकल दिसत नाही, आणि आपल्याला दिसत नाही हेही त्याला कळत नाही. या तरुणाला नुसता पहिला आकडा पाहून कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू केली असती, तर त्याला थोडी तरतरी आली असती, पुढच्या रिपोर्टातला बाणही गेला असता आणि गाठ आत तशीच राहिली असती. तिच्यावर बहुतेक वेळा शस्त्रक्रियाही लागत नाही. कॅबर्गोलिनच्या गोळ्या आठवड्यातून दोनदा घेतल्या, की बहुतेकांची गाठ आक्रसते, प्रोलॅक्टिन उतरतं आणि अनेकांचं टेस्टोस्टेरॉन बाहेरून काही न देता आपलं आपण वर येतं.

अर्थात हे सगळं रक्त नीट काढलं असेल तरच. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, आणि भरपेट खाल्ल्यावर उतरतं. म्हणून उपाशीपोटी, सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, आणि कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा, अशी पद्धत आहे. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दिलेल्या किंवा डेंग्यूतून उठताना काढलेल्या रक्तावरून निदान करू नये. आजारपणात मेंदू स्वतःहूनच ही साखळी काही काळ ढिली सोडतो.

मूल हवं असेल, तर प्राथमिक आणि दुय्यम हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं, की मेंदूला वाटतं टाकी भरली. एलएच आणि एफएसएच पडतात, वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन आटतं आणि शुक्राणूंची संख्या कधी कधी शून्यावर येते. मूल होत नाही म्हणून आलेल्या माणसाला ‘पुरुष हार्मोन’ची इंजेक्शनं देणं म्हणजे उरलीसुरली शक्यताही घालवणं. जिममधल्या इंजेक्शनांनी हेच होतं, आणि ती बंद केल्यावर साखळी पुन्हा सुरू व्हायला महिने, कधी वर्षाहून जास्त काळ जातो. पहिल्या तरुणाला टेस्टोस्टेरॉनची गरज आहेच, पण ते सुरू करण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून शुक्राणू शोधण्याचा प्रयत्न करता येतो, आणि क्लाइनफेल्टरच्या साधारण निम्म्या रुग्णांत ते सापडतात.

दुय्यम प्रकारात मात्र वृषणांना हाक बाहेरून मारता येते. जन्मापासून जीएनआरएच नसलेल्यांत हे छान दिसतं. कालमन सिंड्रोममध्ये वासही येत नाही, कारण गर्भात या पेशी नाकाच्या बाजूने, वासाच्या तंतूंच्या वाटेने मेंदूत शिरतात आणि इथे ती वाटच नीट झालेली नसते. वीस वर्षांच्या मुलाला मिसरूड नाही आणि फोडणीचा वासही येत नाही, हे दोन्ही एकदम विचारलं तर निदान पाच मिनिटांत होतं. त्याला एलएचचं काम करणारी एचसीजीची आणि सोबत एफएसएचची इंजेक्शनं दिली, की सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांत शुक्राणू दिसू लागतात. काही केंद्रांत कमरेला लावलेला छोटा पंप दर दोन तासांनी त्वचेखाली जीएनआरएचचा एकेक ठोका देतो. आणि दर दहांतल्या एखाद-दोघांत, उपचार थांबवल्यावरही मेंदू तो ठोका स्वतः देऊ लागतो. म्हणून या रुग्णांची औषधं अधूनमधून थांबवून पाहतात.